एक पत्र मागे

"तू लिहिले आहेस तसेच होऊ दे," असे मी टेलिफोनवर म्हणालो, आणि ते वाक्य मस्कतपर्यंत जाऊन, तिथल्या कोणत्यातरी भिंतीला आपटून, पुन्हा माझ्याच कानात परत आले. दूरच्या फोनमध्ये असे होते. आपला आवाज आपल्याकडे परत येतो, थोडा उशिरा, थोडा परका होऊन, आणि आपण काय बोललो हे आपल्यालाच ऐकावे लागते. पलीकडे माझी बायको आबेदा होती. मग तिने विचारले, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." हेही परत आले. त्यानंतर तिने आमच्या रिवाजाप्रमाणे "हं" म्हटले नाही. आमचा रिवाज असा की बोलणे संपले की "हं" म्हणायचे, म्हणजे समोरच्याला कळते की आता आपली पाळी. नाहीतर दोघांची वाक्ये वाटेतच एकमेकांवर आदळतात आणि तीन मिनिटे "काय म्हणालीस, काय म्हणालात" यातच जातात. तिने "हं" म्हटले नाही. फक्त "बरं, ठेवते," म्हणाली, आणि लाइन गेली. मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो, कारण तिने काय लिहिले होते हे मला ठाऊक नव्हते. तिचे चाळिसाव्या क्रमांकाचे पत्र मंगळवारीच आले होते. ते घरी पेटीत होते. मी ते उघडलेच नव्हते.

"संपलं का? की रिसीव्हर घरी नेतोयस?" सुनीतीबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. महापालिकेच्या शाळेत त्यांनी मला पाचवी ते सातवी मराठी शिकविले. सातवीनंतर माझे शिक्षण थांबले, त्यांचे शिकविणे मात्र थांबले नाही. गंज पेठेतल्या आमच्या खोलीपासून त्यांचे घर चौथे. टेलिफोन त्यांचा, आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी चार वाजता तो आमचा. मस्कतला तेव्हा अडीच वाजलेले असतात. आबेदाची सकाळची ड्युटी संपलेली असते आणि शुक्रवार तिथे सुट्टीचा म्हणून हॉस्पिटलसमोरच्या टेलिफोनच्या खोक्यापुढे तिला फार वेळ उभे राहावे लागत नाही. बाई त्या वेळी रेडिओ बंद करतात, वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरतात, आणि एक अक्षर न वाचता सगळे ऐकतात.

"'तसेच होऊ दे,'" त्या वर्तमानपत्राआडून म्हणाल्या. "वाक्य शुद्ध आहे. अर्थ काय त्याचा?"

"बाई, तिने पत्रात काही विचारले होते."

"काय?"

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. बाईंनी वर्तमानपत्र खाली केले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. खोटे बोलणाऱ्या मुलाला फळ्यापाशी बोलाविण्यापूर्वी त्या अशाच पाहत. त्यांना पेटीची गोष्ट माहीत होती. जगात त्यांना एकट्यांनाच मी ती सांगितली होती.

"उघडलं नाहीस," त्या म्हणाल्या. "अरे, पत्रं म्हणजे काय लोणचं आहे मुरवायला?"

मी खाली उतरलो. रस्त्यावर शुक्रवारची दुपार होती, मशिदीतून परतलेली माणसे पांढऱ्या टोप्या खिशात घालून दुकानांच्या फळ्यांवर बसली होती, आणि मला वाटले की त्यांपैकी प्रत्येकाने माझे "नक्की" ऐकले आहे. घर चार दारांवर. तरीही मी घराच्या उलट दिशेला वळलो. माणूस ज्या गोष्टीला भितो तिच्यापासून तो पळत नाही, तो तिच्याभोवती फिरतो, हे मी त्या दिवशी जाणले. पेटी लाकडी आहे. माझे वडील तोलणार होते, मीही मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या बाजूला तोलणारच आहे; गोणी काट्यावर चढते, दांडी वरखाली होते, आणि ती स्थिर होईपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात. वडिलांची ही पितळी वजनांची पेटी. वजने केव्हाच गेली. त्यांचे गोल खड्डे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने राहिले आहेत. त्या खड्ड्यांवर आबेदाचे एक न उघडलेले पत्र नेहमी आडवे पडलेले असते. नेहमी एक. दीड वर्षात ती पेटी कधी रिकामी नव्हती.

हे कसे सुरू झाले ते मला नीट सांगता यावे अशी माझी इच्छा आहे, कारण ते वेडेपणाचे दिसते, आणि कदाचित आहेही. आबेदा परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केलेली, माझ्यापेक्षा अधिक शिकलेली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, परंतु दोघांचीही शाळा मराठी म्हणून पत्रे मराठीत. ती गेली तेव्हा दोन वर्षांचा करार होता. परत आल्यावर धायरीला स्वतःच्या दोन खोल्या बांधायच्या असे ठरले होते. विमानतळावर जाण्यापूर्वी तिने मला नियम घालून दिले, जसे रुग्णाला देतात. पत्रांवर क्रमांक घालायचे, म्हणजे वाटेत एखादे हरवले तर कळेल. पत्र मिळाल्याची तारीख उत्तरात लिहायची. महत्त्वाचे फोनवर विचारायचे नाही, पत्रात विचारायचे. फोनवर फक्त उत्तर द्यायचे. कारण पत्र जायला दहा दिवस, उत्तर यायला दहा दिवस, आणि वीस दिवसांत प्रश्नच शिळा होतो. फोनवर विचारावे तर विचार करायला वेळ नाही. म्हणून प्रश्न कागदावर आणि उत्तर तारेवर. ही तिची युक्ती होती आणि ती फार चांगली होती. ती पाळणारा नवरा मात्र तिला तसा मिळाला नाही.

पाचव्या महिन्यात सव्वीस दिवस तिचे पत्र आले नाही. तिथे टपालाचा काही घोटाळा होता असे मागाहून कळले. ते सव्वीस दिवस मी आजही अंगावर ओळखतो, जसे जुने मोडलेले हाड थंडीत ओळखतात. काट्यावर गोणी चढे आणि मी दांडीकडे पाहत राही, ती केव्हाच स्थिर झालेली असे, आणि माझा जोडीदार जयसिंग ओरडे, "अमीनभाई, अहो आकडा बोला, कांद्याला कोंब फुटतील!" सव्विसाव्या दिवशी दोन पत्रे एकदम आली, नववे आणि दहावे. नववे मी उभ्याउभ्याच वाचले. दहाव्याला हात लावला, आणि थांबलो. मनात आले, हे जर आता वाचले तर मी पुन्हा तसाच उघडा पडेन. हे जर ठेवले, तर उद्या, परवा, कितीही दिवस काहीही आले नाही तरी माझ्याजवळ तिचा एक न ऐकलेला शब्द शिल्लक असेल. मी ते पेटीत ठेवले. अकरावे आले तेव्हा दहावे वाचले आणि अकरावे ठेवले. तेव्हापासून मी माझ्या बायकोच्या एक पत्र मागे जगत आलो.

यात सुखही होते, हे मी लपवीत नाही. सकाळी चारला यार्डात निघण्यापूर्वी पेटी उघडून मी पाकिटासारखा घडी घातलेला तो निळा कागद पाही. आबेदा त्याची कड हॉस्पिटलच्या चिकटपट्टीने बंद करते, जखमेवर लावतात त्या. तिला डिंकावर विश्वास नाही. त्या पट्टीचा वास, औषधाचा आणि कापडाचा, पत्र न उघडताही येतो. मी तिला माझ्या पत्रात कांद्याचा एक पापुद्रा घालतो, लाल, वाळलेला, इतका पातळ की त्यातून अक्षरे दिसावीत. पहिल्यांदा घातला तेव्हा तिने लिहिले होते, "इतर बायकांना अत्तर येतं. मला नवऱ्याने रडायचं सामान पाठवलं." परंतु पुढच्या पत्रात मी विसरलो तर तिने विचारले, "पापुद्रा कुठे आहे?" अर्थात हा प्रश्न मी पंधरा दिवस उशिरा वाचला. तिला मलेरिया झाला तेव्हाही तसेच. ती एकतिसाव्या पत्रात ताप आहे म्हणाली. मी ते वाचले तेव्हा तिचा ताप उतरून बत्तिसावे पत्र पेटीत पडलेले होते. मी चार पाने काळजीने भरून पाठविली. तिने उत्तर दिले की तुमची काळजी पोचली, परंतु मी आता बरी असल्यामुळे ती पुढच्या आजारासाठी ठेवून दिली आहे.

माझी पत्रे लांब असतात. मला सुंदर लिहिण्याची हौस आहे. ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांतील वाक्यांची वळणे मी वहीत उतरवून ठेवतो, आणि रविवारी संध्याकाळी त्या वळणांवर आमची वाक्ये चढवितो. चंद्राविषयी लिहितो, विरहाविषयी लिहितो. एकदा लिहिले होते की अंतर ही प्रेमाची खरी शाळा आहे. ते वाक्य लिहून झाल्यावर मी उठून पाणी प्यायलो होतो, इतके ते मला आवडले होते. तिची पत्रे आखूड. "आज तेरा इंजेक्शनं. एक म्हातारी माझा हात सोडीना. जेवणात मासे. तुम्ही डावा दात डॉक्टरला दाखवलात का?" तिच्या एका ओळीत जितका मी असे, तितका मी माझ्या चार पानांतही नसे, हे मला कधीतरी जाणवे, आणि मी ते जाणवणे बाजूला ठेवी. मला ठेवण्याची सवयच लागली होती.

मंगळवारी चाळिसावे आले तेव्हा मी एकोणचाळिसावे उघडले होते. त्यात शेवटची ओळ होती: "पुढच्या पत्रात एक गोष्ट विचारणार आहे. शुक्रवारी फोनवर उत्तर द्या. नीट विचार करून." म्हणजे मला माहीत होते. हातात प्रश्न होता, बंद. कोणताही शहाणा माणूस ती चिकटपट्टी तिथेच ओढून काढता. मी पेटी बंद केली आणि बुधवार, गुरुवार कामाला गेलो. मला काय वाटले होते? मला वाटले होते, ती विचारील की मी इथेच राहू का. तिचा करार संपत आला होता. तिच्या पत्रांत अलीकडे समुद्र येत होता, पगारी सुट्टी येत होती, सदतिसाव्या पत्रात भाजी आणून देणारा केरळचा एक ड्रायव्हर आला होता, जो फार विनोदी आहे. त्या विनोदी माणसाला मी तीन रात्री मनातल्या मनात काट्यावर चढविला होता आणि दांडी काही केल्या स्थिर झाली नव्हती. न उघडलेल्या पत्रात ती अजून माझी होती. उघडल्यावर काय, ते त्या कागदाच्या हातात होते. आणि फोनवर तिने "चाळीस मिळालं ना?" विचारले तेव्हा मी "मिळालं" म्हणालो, जे खरे होते, आणि "मग तुमचं काय मत?" विचारले तेव्हा मला माझ्या भित्रेपणाची इतकी लाज वाटली की मी पुस्तकातल्यासारखे उदार झालो. तू लिहिले आहेस तसेच होऊ दे. लाजेने दिलेले औदार्य.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. खिडकीतून उन्हाची पट्टी पेटीच्या झाकणावर आली होती. मी हात धुतले, का ते ठाऊक नाही. मग चाळिसावे पत्र घेतले आणि चिकटपट्टी सावकाश, कड न फाडता, सोडविली. पत्र असे होते:

"मेट्रन म्हणते आणखी दोन वर्षं सही कर. शनिवारी सकाळी कागद पुढे येईल. मला घरी यायचं आहे. मला इथलं पाणी, इथला पंखा, इथली खोली पुरे झाली. पण तुमची पत्रं वाचते तेव्हा भीती वाटते. त्यांत तुम्ही इतके सुखी असता. चंद्र असतो, विरह असतो, मी कुठे असते? अंतर ही प्रेमाची शाळा आहे असं लिहिलंत. मग मी परत आले तर शाळा सुटेल का? खरं सांगा, तुम्हाला मी आवडते की मला लिहिणं आवडतं? मला लांब उत्तर नको. फोनवर फक्त 'ये' म्हणा, मी सही करणार नाही. दुसरं काहीही म्हणालात, कितीही छान म्हणालात, तर मी समजेन आणि सही करीन. रागावणार नाही. डावा दात डॉक्टरला दाखवलात का?"

दुसरे काहीही, कितीही छान. मी खाली बसलो. माझे वाक्य तिसऱ्यांदा माझ्या कानात परत आले, आणि या वेळी ते मस्कतहून आले नव्हते. दोन वर्षे मी जिला जपून ठेवीत होतो तिने माझ्या दाराशी उभे राहून विचारले होते की आत येऊ का, आणि मी आतून म्हणालो होतो, आपली जशी इच्छा. विनोदी ड्रायव्हरचे नावही त्या पत्रात नव्हते. दात मात्र होता.

तिच्या वसतिगृहाचा नंबर तिने पहिल्याच पत्रात दिला होता, "फक्त अडचणीसाठी" असे अधोरेखित करून. वॉर्डनच्या खोलीत फोन. परिचारिकांसाठीचे फोन शुक्रवारी पाच ते सात एवढ्याच वेळात घेतात. मस्कतचे पाच म्हणजे आपले साडेसहा. मी बाईंकडे धावलो. त्यांच्या फोनवरून परदेशी नंबर लागत नव्हता हे मला माहीत होते, तरीही त्यांच्याचकडे धावलो.

"वाचलंस?" बाईंनी दारातच विचारले.

मी पत्र त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते वाचले. शेवटी त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, आणि फळ्यापाशी असे तशाच आवाजात म्हणाल्या, "हिला मी मराठी शिकवलं असतं तर बरं झालं असतं असं मला एकदा वाटलं होतं. बरं झालं, नाही शिकवलं. कॅम्पात पोस्टाशेजारी बूथ आहे. पळ. आणि अमीन."

"काय बाई?"

"एक अक्षर आहे. त्यात विशेषण घालू नकोस."

बूथच्या बाहेर पाच माणसे होती. काचेच्या आत लाल आकडे पळत होते आणि आत उभा असलेला माणूस दुबईतल्या कोणाला तरी मोटारीच्या पंपाची माहिती देत होता. मी पुढच्यांना विनविले. एका म्हाताऱ्याने विचारले, "मयत आहे का?" मी म्हणालो, "नाही. बायको आहे." त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि सगळ्यांच्या वतीने बाजूला झाला. नंबर तीनदा लागला नाही. चौथ्यांदा घंटा वाजली, वॉर्डन इंग्रजीत काही बोलली, मी "सिस्टर आबेदा, पूना, हजबंड" एवढे तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणालो, आणि मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पलीकडची खोली मला ऐकू येऊ लागली. पंखा होता. तिने ज्याविषयी लिहिले होते तोच असणार. दर फेरीला एकदा कुरकुरत होता. दोन वर्षांत मी तिच्याविषयी चारशे पाने लिहिली असतील, पण ती ज्या पंख्याखाली झोपते त्याचा आवाज मी आत्ता ऐकत होतो. मग चपला आल्या. तिच्या चपला. पायऱ्यांवरून घाईने, एक पाय जरा जास्त आपटत, जशा त्या गंज पेठेच्या जिन्यात येत. मी त्या चार हजार चपलांत ओळखल्या असत्या.

"हॅलो? काय झालं? तब्येत?"

"ये," मी म्हणालो.

ते गेले, पोचले, परत आले. माझ्याच कानात मी ऐकले, "ये." पहिल्यांदाच माझे परत आलेले बोलणे मला परके वाटले नाही. मला विशेषणे सुचत होती, डोक्यात गर्दी करत होती, आणि मी ओठ दाबून उभा राहिलो. मग लक्षात आले की ती माझी पाळी संपण्याची वाट पाहते आहे, म्हणून मी म्हणालो, "हं."

ती हसली. हसणेही उशिरा पोचते, पण पोचते.

"आता वाचलंत ना?" ती म्हणाली. "पेटीतून काढून? हं."

"तुला... पेटी कोणी सांगितली? हं."

"कोणी कशाला सांगायला हवं? तुम्ही पत्र मिळाल्याची तारीख लिहिता, आणि उत्तर देता त्याच्या आधीच्या पत्राला. दर वेळी. मला ताप आला तेव्हा टपाल उशिरा म्हणून सोडून दिलं. नंतर तारखा जुळवल्या. हा माणूस एक पत्र शिलकीत ठेवतो असं दिसलं, आणि जपायचं ते तुम्ही वजनांच्या पेटीतच ठेवता. मी काही बोलले नाही. म्हटलं, असू दे, तेवढीच त्याला सोबत. आज मात्र तुम्ही 'तू लिहिले आहेस तसेच' म्हणालात ना, तेव्हा दोन तास मी कॉटवर बसून होते. वाचून म्हणाला असाल तर काय, न वाचता म्हणाला असाल तर काय. वरच बसले होते, पाच वाजून इथल्या फोनची वेळ सुरू होण्याची वाट पाहत. मीच करणार होते तुमच्या बाईंना फोन. हं."

"आबेदा, सही..."

"तुम्ही 'हं' म्हणाला नाहीत."

"हं."

"सही उद्या आहे. करणार नाही. आता ऐका. एक्केचाळीस मी काल टाकलं आहे. त्यात मी दोन्ही लिहिलं आहे, यायचं झालं तर विमान कोणतं, नाही झालं तर काय. ते आल्या आल्या वाचा. नाहीतर मी दारात उभी असेन आणि माझं पत्र पेटीत. हं."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही, सुंदर नव्हते. बाहेर आलो तेव्हा म्हाताऱ्याने विचारले, "काय म्हणाली?" मी म्हणालो, "येते." तो म्हणाला, "मग सरका आता, माझा मुलगा वाट पाहतो आहे."

त्यानंतरचे नऊ दिवस पेटी रिकामी होती. मला भीती वाटेल असे मला वाटले होते. पहाटे मी झाकण उघडून खड्ड्यांवरून बोट फिरवी, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि कामाला जाई. डावा दात डॉक्टरला दाखविला. दहाव्या दिवशी पोस्टमनने मला घराच्या वळणावरच गाठले. यार्डातून येत होतो. हातांना कांद्याची माती होती, केसांत पापुद्रे. निळा कागद, जखमेची पट्टी. मी तिथेच, रस्त्याच्या मधोमध, ओढला. चिकटपट्टी घट्ट होती आणि मला कधी घाईने उघडायची सवय नव्हती. कागद नेमका तिच्या येण्याच्या तारखेवरूनच फाटला. मागून रिक्षावाला ओरडला, "अहो साहेब, पत्र घरी वाचा की!" मी बाजूला झालो, भिंतीला टेकलो, आणि फाटलेले दोन तुकडे मातीच्या बोटांनी कडेला कड लावून धरले, वार एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर, ती नीट जुळून दिसेपर्यंत.